मांजर नव्हे, तारीख बघा

गेल्या वर्षी चातुर्मासात आमच्या इंदूरच्या घरी एका मांजरीवरून बरंच रामायण घडलं. मांजरीचं नाव मनी, वय सहा वर्षं. दिवसभर घरात लोळायचं, रात्री कौलांवरून हिंडायचं आणि अधूनमधून एखादा उंदीर दारात आणून टाकायचा, असा तिचा दिनक्रम. वहिनीला तेव्हा तिसरा महिना सरत आला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्यांचा रिपोर्ट आला आणि त्यात टॉक्सोप्लाझ्मा या नावापुढे दोन ठिकाणी ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं होतं. दादाने मोबाइलवर ते नाव शोधलं, तर पहिलं चित्र आलं ते मांजरीचंच.

आजीने लगेच फर्मान काढलं, “तिला पोत्यात घाला आणि दूर कुठेतरी सोडून या.” तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण भेटायला आलेल्या एका काकूंनी आईला हळूच सुचवलं, “मूल अधू निघालं तर जन्माचं होऊन बसेल. अजून वेळ गेलेली नाही, काय ते आत्ताच बघा.” वहिनीने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन ती माझ्यापुढे बसली. “ताई, तुम्ही प्रयोगशाळेत काम करता. खरं काय ते मला सांगा.”

मी सूक्ष्मजीवशास्त्रातली. हे रिपोर्ट रोज हातांखालून जातात, पण घरातला रिपोर्ट हातात घेतला की कागद वेगळाच जड लागतो. मी तिला आधी मनीचा हिशोब सांगितला.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी आहे. उंदीर, चिमणी, शेळी, डुक्कर, माणूस अशा कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात तो राहू शकतो. पण त्याचं नर-मादी असं लैंगिक प्रजनन होतं ते फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात. म्हणून मांजराला त्याचा अंतिम यजमान म्हणतात, आणि बाकी आपण सगळे मधले यजमान. मांजरच का, याचं एक उत्तर २०१९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं. लिनोलेइक आम्ल नावाचं एक स्निग्धाम्ल असतं. ते मोडणारं एक विकर इतर सस्तन प्राण्यांच्या आतड्यात काम करतं, मांजराच्या आतड्यात करत नाही. त्यामुळे तिथे ते आम्ल साठून राहतं आणि परजीवीला प्रजननासाठी नेमकं तेच लागतं. उंदरातलं हे विकर औषधाने बंद करून त्याला लिनोलेइक आम्ल खाऊ घातलं, तेव्हा उंदराच्या आतड्यातही हे प्रजनन झालं.

मांजराने परजीवीची गाठ असलेला उंदीर खाल्ला की साधारण तीन ते दहा दिवसांनी त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडीवजा रूपं बाहेर पडू लागतात. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण लाखोंनी पडतात. हे एक ते तीन आठवडे चालतं आणि मग थांबतं, कारण मांजराची प्रतिकारशक्ती जागी होते. पुढे तेच मांजर पुन्हा ऊसिस्ट टाकेल अशी शक्यता फार कमी असते. म्हणजे मांजराच्या सगळ्या आयुष्यात धोक्याचे आठवडे असतात दोन-तीन, आणि तेही बहुधा ते पिल्लू असताना, पहिल्यांदा शिकार करू लागतं तेव्हा. सहा वर्षं उंदीर मारणाऱ्या मनीचे ते आठवडे केव्हाच उलटून गेले असणार.

दुसरी गोष्ट विष्ठेची. ताजी विष्ठा संसर्ग करत नाही. बाहेर पडलेले ऊसिस्ट हवेत आणि ओलाव्यात ‘पिकावे’ लागतात, त्याला एक ते पाच दिवस लागतात. घरातला मातीचा किंवा वाळूचा डबा रोजच्या रोज साफ झाला तर ते पिकायच्या आतच घराबाहेर जातात. पण एकदा पिकले की फार चिवट. ओल्या, सावलीच्या मातीत ते वर्षभरसुद्धा टिकतात. फिनाइलचा त्यांच्यावर भरवसा धरता येत नाही, उकळतं पाणी मात्र त्यांना मारतं. मांजराला कुरवाळल्याने सहसा काही होत नाही, कारण मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवतं आणि केसांवर ऊसिस्ट पिकायला अवसरच मिळत नाही.

“मग मला झालं कुठून? मी तर अंडंसुद्धा खात नाही,” वहिनीने विचारलं. प्रश्न बरोबर होता. माणसाला हा संसर्ग मुख्यतः दोन वाटांनी होतो. एक वाट अर्धवट शिजलेल्या मांसाची. शेळी-मेंढीने चाऱ्याबरोबर ऊसिस्ट गिळले की तिच्या स्नायूंत गाठी बनतात. कबाबच्या कच्च्या खिम्यातलं मीठ बघायला चिमूटभर जिभेवर ठेवलं तरी पुरे. दुसरी वाट मातीची. कुठल्या तरी भटक्या मांजराने कधीतरी उकरलेली माती, तिथली कोथिंबीर, नीट न धुतलेली काकडी, कुंड्यांत काम केल्यावर तसाच तोंडाला लागलेला हात, अस्वच्छ पाणी. शाकाहारी माणूस पहिली वाट टाळतो, दुसरी नाही. युरोपातल्या सहा शहरांत गर्भवतींचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ६३ टक्के संसर्ग अर्धवट शिजलेल्या मांसामुळे आणि ६ ते १७ टक्के मातीमुळे झालेले आढळले. घरात मांजर असण्याचा संबंध दिसला नाही. आपला आहार वेगळा, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होणार नाहीत. पण दोन वाटा त्याच.

आता खरा प्रश्न. वहिनीला संसर्ग झाला होता हे नक्की. तो कधी झाला?

पोटातल्या बाळाचं सगळं या तारखेवर अवलंबून असतं. निरोगी बाईला गर्भ राहण्याच्या बऱ्याच आधी संसर्ग होऊन गेला असेल, तर परजीवी तिच्या स्नायूंत आणि मेंदूत गाठी करून निपचित पडलेला असतो. रक्तातली प्रतिकारशक्ती त्याला उठू देत नाही आणि बाळ सुरक्षित राहतं. धोका असतो तो गरोदरपणात पहिल्यांदा झालेल्या संसर्गाचा. तेव्हा परजीवी रक्तातून वेगाने फिरत असतो आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचू शकतो. त्यातही एक उलटं गणित आहे. पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग झाला तर तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता शंभरात दहा-पंधरा. पण पोहोचला तर गर्भपात, मेंदूत पाणी साठणं, मेंदूत चुन्याचे ठिपके, डोळ्याच्या पडद्याला इजा असं गंभीर नुकसान होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत उपचार झाले नाहीत तर शक्यता शंभरात साठांच्याही पुढे जाते, पण तेव्हा बाळ बहुधा जन्मताना धडधाकट दिसतं. अशा मुलांची दृष्टी मात्र पुढे कित्येक वर्षांनीही बिघडू शकते, म्हणून त्यांचे डोळे वरचेवर तपासावे लागतात.

वहिनीच्या रिपोर्टात आयजीजी आणि आयजीएम अशा दोन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह होत्या. आयजीजी सांगते की संसर्ग कधीतरी झाला आहे. आयजीएम आधी येते, म्हणून ती दिसली की संसर्ग नवा असा अर्थ घाईने काढला जातो. पण टॉक्सोप्लाझ्माची आयजीएम कित्येकींच्या रक्तात अनेक महिने, कधी वर्षाहूनही जास्त रेंगाळते. आणि कधी ती खोटी पॉझिटिव्हही येते. एकट्या आयजीएमवरून गर्भाबद्दल कुठलाच निर्णय घ्यायचा नसतो.

अशा वेळी आयजीजीची ॲव्हिडिटी तपासतात. अँटिबॉडी लोणच्यासारख्या असतात, वेळ गेला की मुरतात. नव्या आयजीजी परजीवीला सैल धरतात, जुन्या घट्ट. प्रयोगशाळेत ही पकड किती घट्ट आहे ते मोजता येतं. पकड घट्ट निघाली, म्हणजे ॲव्हिडिटी ‘हाय’ आली, तर संसर्ग निदान चार महिने जुना. पकड सैल निघाली तर मात्र संसर्ग नवाच असं ठरत नाही, कारण काही जणींच्या अँटिबॉडी फार सावकाश मुरतात. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन त्याच प्रयोगशाळेत तुलना करावी लागते.

वहिनीच्या डॉक्टरांनीही हीच तपासणी सुचवली. त्याच रक्ताच्या नमुन्यावर ती झाली आणि ॲव्हिडिटी हाय आली. तेव्हा तिला बारावा आठवडा चालू होता. चार महिने म्हणजे साधारण सोळा आठवडे. बारातून सोळा वजा केले की तारीख गर्भ राहण्याच्या पलीकडे जाते. हीच तपासणी तिने सातव्या महिन्यात केली असती आणि हाय आली असती, तरी हा हिशोब बसला नसता, कारण चार महिन्यांपूर्वीही ती गरोदरच होती. म्हणून ही तपासणी पहिल्या सोळा आठवड्यांत करण्याला महत्त्व.

संसर्ग नवा निघाला असता तरी हातपाय गाळायचं कारण नव्हतं. अशा वेळी स्पायरामायसिन लवकर सुरू करतात आणि अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची पीसीआर तपासणी करतात. बाळाला संसर्ग झाल्याचं दिसलं तर औषधं बदलतात आणि सोनोग्राफीने बाळावर लक्ष ठेवतात. वहिनीला यातलं काहीच लागलं नाही. फाल्गुनात मुलगी झाली. डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले, ते स्वच्छ आहेत.

या सगळ्या गडबडीत वडोदऱ्याला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनेही तपासणी करून घेतली. तिला दुसरं मूल हवं आहे. तिच्या दोन्ही अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या आणि तिचा आनंदाने फोन आला, “सुटले गं बाई!” मी तिला म्हटलं, “जपायचं आहे ते तुलाच.” कारण तिच्याकडे प्रतिकारशक्ती नाही. त्यात तिने नुकतंच चार महिन्यांचं पिल्लू आणलंय, त्याला बागेत हिंडायची आणि पाली-उंदरांमागे धावायची चटक लागली आहे, आणि घरी आठवड्यातून दोनदा मटण होतं.

पिल्लू सोडून द्यायला मी सांगितलं नाही. त्याला घरातच ठेवायचं, शिजवलेलं किंवा दुकानातलं कोरडं खाणं द्यायचं, कच्चं मांस द्यायचं नाही. त्याचा डबा रोज सकाळी जावईबापूंनी रिकामा करून उकळत्या पाण्याने धुवायचा. कुंड्यांत हात घालायचा तर हातमोजे घालून. पालेभाजी आणि कोशिंबिरीची भाजी वाहत्या पाण्याखाली धुवायची. मटण आतपर्यंत शिजवायचं, चव शिजल्यावरच बघायची. आणि तो निगेटिव्ह रिपोर्ट तारखेसह जपून ठेवायचा. फ्रान्समध्ये निगेटिव्ह गर्भवतींची तपासणी दर महिन्याला पुन्हा करतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही, पण गरोदरपणात ताप आला, मानेत गाठी आल्या आणि पुन्हा तपासायची वेळ आली, तर हाच कागद डॉक्टरांना सांगेल की त्या तारखेपर्यंत संसर्ग नव्हता. मग नव्या पॉझिटिव्हचा अर्थ लावायला अंदाज बांधावा लागणार नाही.

बहिणीने तो रिपोर्ट कपाटात, मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवला आहे. डबा धुण्याबद्दल जावईबापूंची थोडी कुरकुर आहे, पण धुतात.