रुपयाएवढे चामडे

माउली, वारीत रबरी चपलेचा तळ झिजण्याआधी बहुधा तिचा पट्टा दगा देतो. बोटांमधली दांडी तळातल्या भोकातून खाली जाते आणि तिच्या टोकाला बटण असते. सगळी ओढ त्या बटणावर. दिवेघाट चढताना भोक सैल होते आणि बटण वर निसटते. पुष्कळ जण तिथे पिन अडकवतात. ती रबर कापत जाते आणि भोक वाढते.

लोणंदच्या तळावर एका मावशींची चपल अशीच गेली होती. पाय भाजलेले, पुढची वाट डांबरी. चर्मकारबाबांनी जुन्या जोड्यांच्या कातरणीतून जाडसर चामडे काढले आणि रापीने रुपयाएवढी चकती कापली. मध्ये आरीने लहान भोक पाडून तिथपासून कडेपर्यंत एक चीर दिली. बटण पुन्हा खाली ओढले आणि चकती चिरेतून दांडीभोवती, बटणाच्या वर सरकवली. चीर टाचेकडे ठेवली, कारण चालताना बोटे दांडीला पुढे रेटतात. मग मेण लावलेल्या दोऱ्याचे चारच टाके. "दाट टाके घातले तर रबर टाक्यांवरूनच फाटतं, मावशी," ते म्हणाले.

तळ अंगठ्याने दाबून पाहावा. टाचेखाली तो पापडासारखा वाकला, तर चकती लावण्यात अर्थ नाही. तसल्या चपलेचा पट्टा तेवढा बाबा काढून ठेवतात, दुसऱ्या कुणासाठी.