कानावर घालण्याची चाकरी



१९८२ च्या ऑगस्टात उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी लातुरात एका कचेरीत कारकून होतो. दिवसा टेबल, रात्री कीर्तन. माणसं चहूकडून बदलून आलेली, साहेबही नवे. एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवून घेतलं, चहा मागवला आणि हळूच म्हणाले, "बुवा, तुम्ही माळकरी. खोटं बोलणार नाही. माझ्यामागं कोण काय म्हणतं, तेवढं कानावर घालत चला."

माझी माळ त्यांनी जामीन धरली आणि मी सुखावलो. तिथंच फसलो.

नांदेडहून आलेला एक सहकारी थट्टेखोर होता. चहाच्या वेळी तो हसत म्हणाला, "साहेब सही आधी करतात, वाचतात मागून." सगळे हसले, मीही हसलो. संध्याकाळी ते शब्द मी जसेच्या तसे साहेबांना सांगितले. शब्द खरे होते. पण त्यातलं हसू चहाच्या टपरीवरच राहिलं, आणि माझं हसणं तर मी सांगितलंच नाही.

वर्षाअखेर त्याच्या गोपनीय अहवालात शेरा पडला : वरिष्ठांविषयी अनादर. प्रतिकूल शेरा असल्यानं तो त्याला लेखी कळवला गेला. कागद घेऊन तो माझ्याकडंच आला. "बुवा, तुमचा हात चांगला आहे, उत्तर लिहून द्या. अन् हे कुणी सांगितलं असंल हो?"

मी म्हणालो, "मी."

तो बराच वेळ बोलला नाही. मग दोघांनी बसून निवेदन लिहिलं. बोलणं थट्टेचं होतं, मीही त्यात सामील होतो, असं लिहून खाली मी सही केली. शेरा सौम्य झाला, गेला नाही. आमची मैत्री मात्र गेली.

पुढं पोथ्या चाळताना कौटिल्याचं अर्थशास्त्र हाती आलं. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली तरच राजानं ती खरी मानावी, असं तो सांगतो. आमच्या साहेबांना एक बुवा पुरला होता. विदुरही राजाच्या पदरी होता. पण धृतराष्ट्राचं काय चुकतं, ते तो त्याच्या तोंडावर सांगे.

पुढच्या साहेबांनी हेच विचारलं तेव्हा मी त्याच बैठकीत म्हणालो, "साहेब, कुणी पैसे खाल्ले, कुणाला छळलं, तर मी लेखी देईन, नावानिशी. कामाची अडचण असंल तर ज्याची त्याला घेऊन येईन. बाकीचं बोलणं माझ्याकडून येणार नाही." "बघू" म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा आला असता. साहेब नाराज झाले, पुढं मला थांबवलं नाही.

काही दिवसांनी कचेरी सुटल्यावर दुसऱ्याच एकासाठी आत चहा गेला. मी त्याला वाटेत गाठलं आणि ही सगळी हकिगत सांगितली.