डोळ्याच्या खालचं झाड

दहावीच्या भूमितीत झाडाची उंची काढायचं उदाहरण असतं. उन्नत कोन दिलेला, अंतर दिलेलं, कोनाचा टॅन पाहायचा, अंतराने गुणायचं की उंची आली. उदाहरणातला माणूस जणू जमिनीवर आडवा पडून झाडाकडे बघत असतो, कारण त्याच्या डोळ्याची उंची बहुतेक वेळा धरलेलीच नसते. मुलांना घेऊन मैदानावर गेलं की पहिली अडचण तिथेच येते. आम्ही सांगतो, "आलेल्या उंचीत तुमच्या डोळ्याची उंची मिळवा." मुलं मिळवतात आणि उत्तर बरोबर येतं. मैदान सपाट असतं म्हणून ते बरोबर येतं, ही गोष्ट मात्र सांगायची राहून जाते.

जेऊरचा शिवार लांबून सपाट दिसतो. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेतून बघणाऱ्याला ऊस, केळी आणि मधून मधून एखादी चिंच दिसते. पण बांधावरून चालायला लागलं की ओघळी लागतात, ओढे लागतात, ताली लागतात. मोठी झाडं तर बहुतेक अशाच जागी उभी असतात, कारण नांगराच्या तडाख्यातून तीच जागा सुटलेली असते. म्हणजे मोजायचं झाड एका पातळीवर आणि मोजणारा दुसऱ्या पातळीवर. इथे "डोळ्याची उंची मिळवा" हा नियम फसवतो.

कोन मोजायचा क्लिनोमीटर म्हणजे फार मोठं यंत्र नव्हे. माझा कंपास पेटीतल्या मोठ्या कोनमापकाचा आहे. त्याच्या सरळ कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवली, मध्यबिंदूला बारीक भोक पाडून त्यातून दोरा सोडला आणि दोऱ्याच्या टोकाला लोखंडी नट बांधला. नळीतून समोर आडवं बघितलं की दोरा ९० वर असतो. शेंडा बघायला नळी वर केली की दोरा ९० पासून जितका सरकेल, तितका उन्नत कोन. खाली बुंधा बघितला की दोरा दुसऱ्या बाजूला सरकतो आणि अवनत कोन मिळतो. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने वाचायचं, कारण नळीला डोळा लावलेल्याला दोरा दिसत नाही. उन्हाळ्यात इथे वारा असतो, दोरा झुलतो. अशा वेळी नट जड घ्यावा, दोरा थांबला की बोटाने कोनमापकावर दाबून धरावा आणि मगच वाचावं.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका शेतकऱ्याने बोलावलं. ओढ्याकडेला त्यांची जुनी चिंच आहे, एका बाजूने पोखरलेली. चिंच परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत तिचं नाव आहे. परवानगी त्यांनी आणलेली होती. प्रश्न वेगळा होता. जवळून विजेची लाइन जाते.

"सर, झाड त्या अंगाला पडलं तर तारेला लागंल का, तेवढं बघा की," ते म्हणाले.

लाइन बुंध्यापासून आडव्या अंतरात साडेअकरा मीटरवर होती आणि तारा बुंध्याच्या पातळीपासून सुमारे ६ मीटर उंच. पडणाऱ्या झाडाचा शेंडा बुंध्याभोवती वर्तुळात फिरत खाली येतो, म्हणून बुंध्यापासून तारेपर्यंतचं तिरपं अंतर बघावं लागतं. पायथागोरसने ते १३ मीटर आलं. झाड त्याहून उंच असेल तर तारेला लागणार.

आता उभं कुठे राहायचं? शेताचा बांध ओढ्याच्या काठापेक्षा उंच आहे. बांधावर ९ मीटरवर उभा राहिलो तेव्हा झाड डोक्यावर आल्यासारखं दिसत होतं आणि सगळ्यात वर दिसणारी फांदी माझ्याच बाजूला झुकलेली होती. चिंचेत आणि वडात हे नेहमी होतं. समजा ती फांदी बुंध्यापासून ४ मीटर माझ्याकडे आलेली आहे आणि माझ्या डोळ्यापेक्षा ८ मीटर उंच आहे. ९ मीटरवर उभं राहिलं तर फांदी माझ्यापासून अवघ्या ५ मीटरवर आहे, तिच्या कोनाचा टॅन १.६. त्याला बुंध्यापर्यंतच्या ९ मीटरने गुणलं तर १४.४ येतात. म्हणजे ८ मीटरवरची फांदी हिशोबात १४.४ मीटरवर जाऊन बसते आणि खरा शेंडा तिच्यामागे झाकून जातो. उपाय एकच, मागे सरकायचं. १८ मीटरवर गेल्यावर फांदीच्या मागून शेंडा वर निघाला. डावी-उजवीकडे दोन पावलं सरकून पाहिलं, तोच शेंडा सगळ्यात वर राहिला, मग तिथे थांबलो.

साधारण झाडाच्या उंचीइतकं ते दीडपट अंतर चांगलं, हा माझा अनुभव आहे आणि त्याला हिशोबाचाही आधार आहे. कोन वाचताना अर्ध्या अंशाची चूक झाली तर डोळ्यावरच्या ११ मीटरच्या भागात साधारण २० सेंटिमीटरचा फरक पडतो, अंतर ११ मीटर असो की १८. तेच ६० मीटरवर गेलं तर फरक अर्ध्या मीटरच्या पुढे जातो. फार जवळ गेलं तर कोनापेक्षा अंतराची चूक महाग पडते. ६ मीटरवर उभं राहून टेप ३० सेंटिमीटरने चुकली तर उंची अर्ध्या मीटरने चुकते. तीच चूक १८ मीटरवर अठरा सेंटिमीटरवर येते.

शेंड्याचा कोन ३१ अंश आला. टॅन ०.६०१, गुणिले १८, म्हणजे १०.८२ मीटर. ही माझ्या डोळ्याच्या पातळीच्या वरची चिंच. माझ्या डोळ्याची उंची १.५२ मीटर. मैदानावरचा नियम लावला असता तर १२.३४ मीटर झाले असते, तेराच्या आत, आणि "लागत नाही, तोडा" असं सांगून मी घरी आलो असतो.

पण बुंध्याकडे बघायला नळी चांगलीच खाली करावी लागत होती. अवनत कोन ११ अंश. टॅन ०.१९४, गुणिले १८, म्हणजे साडेतीन मीटर. माझ्या डोळ्याच्या खाली चिंच १.५२ नव्हे, ३.५० मीटर होती, कारण बुंधा माझ्या पायांपेक्षा सुमारे दोन मीटर खाली होता. एकूण उंची १४.३२ मीटर. झाड तारेला लागणार होतं.

डोळ्याची आडवी रेषा झाडाला एका ठिकाणी छेदते. त्या रेषेवरचं झाड एका कोनाने मोजायचं, खालचं झाड दुसऱ्या कोनाने. सपाट जमिनीवर खालचा भाग नेमका आपल्या डोळ्याच्या उंचीइतका असतो, म्हणून तो न बघता मिळवता येतो. उंच जागी उभं असू तर तो जास्त असतो, खोलात उभं असू तर कमी. बुंधा डोळ्याच्याही वर असला, म्हणजे टेकडीवरचं झाड पायथ्यावरून मोजत असू, तर दोन्ही कोन उन्नत येतात आणि बुंध्याचं उत्तर शेंड्याच्या उत्तरातून वजा करावं लागतं. १८ मीटरवरून बुंध्याचा अवनत कोन ५ अंशांच्या जरा आत आला तर माझ्यापुरती जमीन सपाट. त्याहून वेगळा आला की डोळ्याची उंची विसरायची आणि कोनावर विश्वास ठेवायचा.

दोन कोन घेण्याचा आणखी एक फायदा आहे, तो मला फार आवडतो. घरी केलेल्या क्लिनोमीटरची नळी कोनमापकाला अगदी समांतर बसत नाही. समजा त्यामुळे दोरा नेहमी एक अंश जास्त उन्नत दाखवतो. चिंचेच्या मापात वरचा भाग त्यामुळे ४३ सेंटिमीटरने वाढेल, पण खालचा भाग ३२ सेंटिमीटरने घटेल. एकूण चूक ११ सेंटिमीटर. डोळ्याची उंची नुसती मिळवली असती तर ४३ सेंटिमीटर तशीच राहिली असती. तरी यंत्र तपासून घ्यावंच. गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्यावी, समोरासमोरच्या दोन भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा कराव्यात, एका खुणेला डोळा लावून दुसरी बघावी. दोरा ९० वर नसेल तर जितका फरक तितका प्रत्येक वाचनातून काढावा.

अंतर मात्र आडवं हवं. उतारावर जमिनीला लावून टेप टाकली तर ती तिरपी जाते. या चिंचेच्या उतारावर फरक ११ सेंटिमीटरचा होता, सोडून दिला तरी चालेल. पण २० अंशांच्या उतारावर सहा टक्के फरक पडतो, तिथे टेप ताणून आडवी धरावी आणि ओळंब्याने खाली उतरवावी. देवळाचं शिखर मोजताना वेगळीच गफलत होते. टेप भिंतीपाशी संपते, कळस मात्र गाभाऱ्याच्या मध्यावर असतो. भिंतीपर्यंत २० मीटर आणि देऊळ ६ मीटर रुंद असेल तर अंतर २३ धरायचं. ३८ अंशांच्या कोनाला एवढ्यानेच सव्वादोन मीटरहून जास्त फरक पडतो.

बुंधा बघण्याची ही रीत जुनी आहे. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत, गोलाध्यायातल्या यंत्राध्यायात, भास्कराचार्यांनी हातातल्या काठीने दूरच्या वेळूचं मूळ आणि अग्र बघून अंतर आणि उंची दोन्ही काढायची पद्धत दिली आहे. यंत्राला नाव धीयंत्र, बुद्धीचं यंत्र. त्यात डोळ्याच्या उंचीचं काम आणखी मोठं आहे. मुळाकडे बघितलेल्या रेषेच्या कलावरून आणि डोळ्याच्या उंचीवरून आधी वेळूचं अंतरच काढायचं. टेप नको, मधला ओढा ओलांडायला नको. पण जमीन सपाट हवी, आणि कोन लहान असल्याने चूक मोठी होते. १८ मीटरवरच्या बुंध्याच्या कोनात अर्धा अंश जास्त धरला तर अंतर १६.३ मीटर येतं. म्हणून टेप पोचत असेल तिथे मी टेपच वापरतो.

चिंचेचं माप शेतकऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मग आता?" लाइन बंद करून घ्यायची आणि आधी वरच्या फांद्या उतरवायच्या, एवढंच उत्तर होतं. महावितरणला अर्ज दिला गेला, ठरलेल्या दिवशी लाइन बंद झाली, फांद्या दोरांनी खाली आल्या आणि मग बुंधा पाडला.

झाड मोजाल तेव्हा वहीत नुसती उंची लिहू नका. उभं राहिलेली जागा, आडवं अंतर, शेंड्याचा कोन आणि बुंध्याचा कोन, चारही लिहा. दुसऱ्या कुणाला तुमचं माप तपासायचं असेल तर त्याला उंचीपेक्षा याच गोष्टी लागतात.