फोनवर खातेदारच हवा

मोठ्या रकमेचा चेक वटण्यासाठी आला की शाखेतून खातेदाराला फोन लावायचा, ही बँकेतली जुनी रीत आहे. अमुक क्रमांकाचा चेक आपणच दिलात का, कोणाच्या नावाने, किती रकमेचा, एवढेच विचारायचे असते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ आले. तेव्हापासून पन्नास हजार आणि त्याहून मोठ्या चेकचा तपशील खातेदाराने आधीच बँकेला कळवण्याची सोय झाली आणि पाच लाखांपासून पुढे तो सक्तीचा करण्याची मुभा बँकांना मिळाली. तरीही फोन थांबले नाहीत. तपशील कळवायचा राहिला, सही थोडी वेगळी वाटली, खात्यात सहसा एवढ्या रकमेचे व्यवहार होत नसले, की टेबलावरचा अधिकारी फोनच उचलतो. अर्ध्या मिनिटाचे हे काम एका गृहीतकावर उभे आहे, आणि ते कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही. खातेदाराला ऐकू येते, हे ते गृहीतक.

रविवार पेठेतल्या एका घाऊक कापडाच्या पेढीत धाकटे बंधू जन्मापासून कर्णबधिर आहेत. पुण्यातच मूकबधिर विद्यालयात शिकले, पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेतली, आणि वीस वर्षे पेढीचे जमाखर्च त्यांच्याच हातात आहेत. खरेदी आणि गिऱ्हाईक थोरल्या भावाकडे. चार वर्षांपूर्वी घरच्यांच्या संमतीने धाकट्यांनी स्वतःच्या नावाने वेगळी पेढी काढली, वेगळा जीएसटी क्रमांक घेतला, चालू खातेही वेगळे उघडले. इचलकरंजीच्या एका कारखानदाराला त्यांनी सहा लाख चाळीस हजारांचा चेक दिला. खात्यात पैसे होते. चेकचा तपशील मात्र कळवायचा राहून गेला होता.

बँकेचा फोन आला तेव्हा मोबाइल त्यांच्या गल्ल्यावर नुसता थरथरला. त्यांनी तो कापला आणि सवयीप्रमाणे ‘कृपया संदेश पाठवा’ असे उत्तर धाडले. फोन शाखेच्या लँडलाइनवरून आला होता, तिथे संदेश पोहोचणार कसा? दुसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा शेजारी बसलेल्या वहिनींनी तो घेतला. “ते माझे दीर, त्यांना ऐकू येत नाही, मी सांगते,” असे त्या म्हणाल्या. पलीकडून उत्तर आले, “ताई, आम्हाला खातेदाराशीच बोलावे लागते.” संध्याकाळी चेक परत गेला. त्यात दोष खात्यातल्या शिलकेचा नव्हता. पण कापडबाजारात कारण कोण विचारतो? एकदा चेक परत गेला एवढेच लक्षात राहते, आणि पुढचा माल रोखीवर मागितला जातो.

अधिकाऱ्याचे चुकले असे म्हणता येत नाही. वहिनींच्या शब्दावर चेक पास केला असता आणि उद्या धाकट्यांनी तो आपण दिलाच नव्हता असे सांगितले असते, तर जबाबदारी त्याच्यावर आली असती. खरी अडचण त्याहून खोल आहे. घरातले माणूस कितीही प्रेमाचे असले तरी ते व्यवहारात गुंतलेले असते. एकत्र कुटुंबात भावाच्या तोंडून बँकेशी बोलणारा भाऊ आपली शिल्लक, आपले कर्ज आणि आपले बेत त्या भावापासून लपवू शकत नाही. आणि वाटणीचा विषय निघाला तर? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या तेराव्या कलमात याचा विचार आहे. दिव्यांग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार स्वतः चालवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, आणि मदत करणाऱ्याचे हितसंबंध तिच्या हिताच्या आड येत असतील तर त्या व्यवहारात त्याने मदतीपासून दूर राहावे, असे ते कलम सांगते. हक्क लिहिला गेला, पण फोनवर तो बजावायचा कसा?

काही देशांनी याचे उत्तर ‘रिले’ सेवेत शोधले आहे. ब्रिटनमध्ये कर्णबधिर माणूस एखाद्या क्रमांकाआधी १८००१ लावतो. त्याला फोन करणारा ऐकता माणूस १८००२ लावतो. अमेरिकेत त्यासाठी ७११ हा क्रमांक आहे. मध्ये एक प्रशिक्षित सहायक येतो. वरचाच फोन या मार्गाने कसा गेला असता ते पाहू. अधिकारी विचारतो, “हा चेक आपण दिला का?” सहायक ते शब्द जसेच्या तसे टाइप करतो. धाकटे बंधू गल्ल्यावर बसून ते पडद्यावर वाचतात आणि उत्तर टाइप करतात, सहायक ते मोठ्याने वाचतो, तेही प्रथमपुरुषी: “होय, मी दिला, इचलकरंजीच्या कापडासाठी.” ‘ते म्हणतात की’ असे तो म्हणत नाही. अधिकाऱ्यानेही ‘त्यांना विचारा’ न म्हणता सरळ खातेदाराशी बोलायचे असते. सहायकाने काही गाळायचे नाही, पदरचे घालायचे नाही, फोन संपल्यावर संभाषणाची नोंद ठेवायची नाही, असा अमेरिकेतला नियम आहे. त्याचा टायपिंगचा वेग मिनिटाला किमान साठ शब्द हवा, हेही तिथे ठरलेले आहे. बाजाराला मध्यस्थ नवा नाही. पण दलालाची दलाली सौद्यावर असते. या मध्यस्थाला सौदा झाला काय नि मोडला काय, सारखेच. वहिनींमध्ये आणि त्याच्यात फरक आहे तो एवढाच, आणि बँकेच्या दृष्टीने तोच मोलाचा.

या सेवेतही फोन फसतात. बोलणे साठ शब्दांच्या कितीतरी पुढे धावते, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या कामाला दोन-तीन मिनिटे लागतात आणि मध्ये शांतता पसरते. सवय नसलेला माणूस ती शांतता ऐकून, किंवा सुरुवातीचे ‘ही रिले सेवा आहे’ हे वाक्य ऐकून जाहिरातीचा फोन समजतो आणि रिसीव्हर ठेवतो. दुसरा धोका दुकानदारांनी ओळखावा असा आहे. अमेरिकेत इंटरनेटवरून रिले सुरू झाली तेव्हा ठगांनी तिच्या आड लपून, चोरीच्या क्रेडिट कार्डांवर दुकानदारांकडून माल मागवला. सहायकाला गोपनीयतेचे बंधन असल्याने संशय आला तरी बोलता येईना. शेवटी वापरणाऱ्याची नोंदणी आणि ओळख पटवणे सक्तीचे झाले. बँकेची हरकत म्हणूनच निराधार नाही, पण तिचे उत्तर नोंदणीत आहे, नकारात नाही.

जिथे दोन्ही टोकांना पडदा आहे तिथे सहायकाचीही गरज उरत नाही. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्त या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने जुनी टेलिप्रिंटर यंत्रे टेलिफोनला जोडण्याची युक्ती काढली. अक्षरांचे सूर होऊन तारेतून जात आणि पलीकडे पुन्हा कागदावर उमटत. एका वेळी एकानेच लिहायचे, आपले संपले की GA टाइप करून दुसऱ्याला पाळी द्यायची, आणि फोन संपवताना SK लिहायचे, असा रिवाज पडला. त्या यंत्राच्या पाच खुणांच्या संकेतात इंग्रजी अक्षरे आणि आकडे कसेबसे मावत. मराठीला तिथे जागाच नव्हती. पुढे मोबाइल आले. माणसाचा आवाज दाबून पाठवण्याच्या त्यांच्या पद्धतीत ते सूर विस्कटू लागले आणि अक्षरांची खिचडी होऊ लागली.

तेव्हा जे नवे आले त्याला फोनच्या सेटिंगमध्ये RTT म्हणतात; तत्क्षणी लिखित संभाषण असे त्याला म्हणता येईल. व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा ते वेगळे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर वाक्य पुरे करून पाठवावे लागते, आणि पलीकडचा ते कधी पाहील याचा नेम नाही. इथे नेहमीच्या क्रमांकावर नेहमीसारखाच फोन लागतो आणि प्रत्येक अक्षर लिहिताक्षणी पलीकडे दिसते. फार तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी अक्षरे साठवून ती पुढे धाडली जातात. प्रत्येक खेपेबरोबर मागच्या दोन खेपांची अक्षरेही पुन्हा जातात, म्हणून एखादी खेप वाटेत हरवली तरी मजकूर तुटत नाही. समोरच्याला मध्येच ‘नाही, तो दुसरा चेक’ असे लिहून थांबवता येते. छातीत कळ आलेल्या माणसाच्या हातून ‘घरी एकटा आहे, ना’ एवढेच लिहून झाले तरी तेवढे पोहोचलेले असते. लिपीही कोणतीही चालते. मराठीत पलीकडच्याला आधी ‘क’ दिसेल, मग ‘क्’, मग ‘क्ष’. जोडाक्षर डोळ्यांदेखत जुळताना पाहण्याची ही थोडी मौजच आहे.

पण RTT फोनमध्ये असून भागत नाही. मोबाइल कंपनीने आपल्या जाळ्यात ती सोय चालू करावी लागते, आणि पुण्यात आज बहुतेकांच्या फोनमध्ये तो पर्याय शोधूनही सापडत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर दुभाषी मिळण्याची सोय केली आहे. तीही एक रिलेच. ज्यांची भाषा खुणांची आहे त्यांच्या ती उपयोगाची. साठीनंतर ज्यांचे कान गेले त्या घरातल्या आजोबांना मात्र खुणा कुठल्या येणार? ते स्वतः स्वच्छ बोलू शकतात, त्यांना उत्तर तेवढे वाचायला हवे असते. त्यांच्यासाठी परदेशांतल्या रिलेत वेगळी पद्धत आहे: आपण बोलायचे, आणि सहायकाने फक्त समोरच्याचे बोलणे टाइप करायचे.

रविवार पेठेतल्या धाकट्या बंधूंनी या कशाची वाट पाहिलेली नाही. आता चेकवर सही करतानाच ते पॉझिटिव्ह पेमध्ये क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम भरतात. चेक हातातून सुटण्याआधी नोंद झालेली असते. खात्यातून पैसे चोरीला गेले तर लोक १९३० वर फोन करतात. तो मार्ग त्यांना बंद आहे, म्हणून cybercrime.gov.in हा पत्ता त्यांनी फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवला आहे. शाखेत जाऊन त्यांनी लेखी अर्जही दिला: आपल्याशी संपर्क ईमेलने किंवा संदेशाने करावा, खात्याबद्दल घरातल्या कोणालाही विचारू नये. अर्ज वहिनींनीच टाइप करून दिला होता. काउंटरवरच्या मुलीने तो नीट वाचला, पोच दिली आणि माहिती संगणकात भरायला घेतली. मोबाइल क्रमांकाची चौकट होती, ईमेलची होती. ‘फोन करू नये’ हे लिहायला चौकट नव्हती. तिने पेन्सिलने ते खाते उघडण्याच्या जुन्या फॉर्मच्या समासात लिहून ठेवले.