सुपरमेशबद्दल माझं मत का बदललं

दोन मेशच्या मधल्या शाखेत करंट सोर्स दिसला की माझा सल्ला ठरलेला असायचा: मेशच्या नादी लागू नका, नोडल लावा. नागपुरात इंजिनीअरिंगच्या मुलांना नेटवर्क थिअरी शिकवताना मी सुपरमेश शिकवायचो, कारण तो अभ्यासक्रमात आहे आणि परीक्षेत येतो. मनातून मात्र मला तो जुगाड वाटायचा. पद्धत अडली की सोर्स नजरेआड करायचा, दोन मेश एकत्र करायचे आणि वर एक जादा समीकरण जोडायचं. आज माझं हे मत राहिलेलं नाही. ज्या सर्किटने ते बदललं, ते इथे मांडतो.

आधी मूळ अडचण. मेश पद्धतीत प्रत्येक मेशभोवती फिरून केव्हीएल लिहायचा, म्हणजे वाटेतल्या सगळ्या व्होल्टेजची चिन्हांसकट बेरीज शून्य. रेझिस्टरचं व्होल्टेज करंटवरून लिहिता येतं. करंट सोर्सपाशी पेन थांबतं. करंट किती, एवढंच तो सांगतो. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बाकीचं सर्किट ठरवतं. पुष्कळ मुलं तिथे शून्य लिहून पुढे जातात. मग अज्ञात दोन आणि समीकरणं तीन होतात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

आता ते सर्किट. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर छतावरच्या सोलरबद्दल वर्गात प्रश्न येऊ लागले. एका मुलाने विचारलं, "सर, दुपारी पॅनेल जोरात असताना घरातलं व्होल्टेज वाढतं कसं? करंट तर आपण बाहेर देतोय ना?" उत्तरासाठी मी फळ्यावर सर्किट काढलं, आणि ते दोन मेशच्या मध्ये करंट सोर्स असलेलंच निघालं.

डावीकडे महावितरणचा ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्ट. तिथून घरापर्यंतची फेज आणि न्यूट्रल मिळून ०.५ ओहम धरू. उजवीकडे घरातला लोड, ४७.५ ओहम. मध्ये इन्व्हर्टर. ग्रीडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज ठरवत नाही. तो लाइनचं व्होल्टेज मोजतो आणि ऊन असेल त्या प्रमाणात करंट आत ढकलतो. म्हणून एखाद्या क्षणापुरता तो करंट सोर्स मानता येतो: २० अँपिअर, खालून वर. पुरवठा एसी आहे, पण लोड निव्वळ रेझिस्टिव्ह धरला, लाइनचा रिअ‍ॅक्टन्स सोडला आणि इन्व्हर्टरचा करंट व्होल्टेजच्या फेजमध्ये घेतला, तर आरएमएस आकडे साध्या बेरजेने जुळतात.

दोन्ही मेश करंट घड्याळाच्या दिशेने घेतले: डावा i₁, उजवा i₂. इन्व्हर्टरवरचं व्होल्टेज माहीत नाही, म्हणून त्याला V म्हटलं. आता प्रत्येक मेशचा केव्हीएल न अडखळता लिहिता येतो:

२३० = ०.५ i₁ + V
V = ४७.५ i₂

दोन्हींची बेरीज केली की V दोन्ही बाजूंनी उडतो आणि उरतं:

२३० = ०.५ i₁ + ४७.५ i₂

मला जे आधी दिसलं नव्हतं ते या ओळीत आहे. हे बाहेरच्या मोठ्या लूपचं समीकरण आहे: ट्रान्सफॉर्मर, लाइन, लोड आणि परत. केव्हीएल कोणत्याही बंद वाटेला लागू आहे. छोट्या खिडक्यांपुरता तो कधीच नव्हता. सुपरमेश म्हणजे ज्या वाटेवर अज्ञात व्होल्टेज भेटत नाही ती वाट निवडणं. त्यात सोर्स लपवलेला नाही.

दुसऱ्या समीकरणाला 'जादा' म्हणणंही मी सोडलं आहे. दोन मेशची बेरीज केली तेव्हा एक समीकरण हातचं गेलं. ते सोर्स भरून देतो, कारण मधल्या शाखेतला करंट त्याने आधीच बांधून दिला आहे. त्या शाखेत i₂ वर जातो आणि i₁ खाली येतो, म्हणून:

i₂ − i₁ = २०

अज्ञात दोन, समीकरणं दोन. पहिल्यात i₂ च्या जागी i₁ + २० टाकलं की ४८ i₁ = −७२० मिळतं. म्हणजे i₁ = −१५ आणि i₂ = ५ अँपिअर. उणे चिन्ह पाहून मुलं दचकतात, पण खरी गोष्ट तेच सांगतं. २० पैकी ५ अँपिअर घर वापरतं आणि १५ लाइनवरून ट्रान्सफॉर्मरकडे जातात. नेट मीटर निर्यात म्हणून नोंदवतो ती हीच.

त्या मुलाचं उत्तरही इथेच मिळतं. V = ४७.५ × ५ = २३७.५ व्होल्ट. डावीकडून पाहिलं तर २३० + ७.५, तेवढंच. १५ अँपिअर उलटे ढकलायचे तर लाइनमधला ७.५ व्होल्टचा ड्रॉप घराच्या टोकाला भरून काढावा लागतो. लाइनचा रेझिस्टन्स १ ओहम असता तर घरात जवळपास २४५ व्होल्ट दिसले असते. लाइन लांब असली की भर दुपारी काही इन्व्हर्टर व्होल्टेजची मर्यादा ओलांडून बंद पडतात, त्याचं एक कारण हे आहे.

चूक बहुधा सोर्सच्या समीकरणाच्या चिन्हात होते. कुणी i₁ − i₂ = २० लिहिलं तर V सुमारे २१७.७ व्होल्ट येतं. दोन्ही मेशमधून ते सारखंच येतं, त्यामुळे केव्हीएलच्या पडताळणीत ही चूक सापडत नाही. पण वीज घालणाऱ्या इन्व्हर्टरमुळे व्होल्टेज २३० च्या खाली जाणं शक्य नाही. पक्की खात्री शक्तीच्या हिशेबाने होते, फक्त तो करताना सोर्सचा बाण आकृतीतल्यासारखाच धरायचा. इन्व्हर्टर २३७.५ × २० = ४७५० वॉट देतो. त्यातले ग्रीडला ३४५०, लोडला ११८७.५ आणि लाइनच्या उष्णतेत ११२.५ जातात. बेरीज ४७५०, पैसा न् पैसा जुळली.

या मॉडेलची हद्दही याच सर्किटमध्ये दिसते. डावीकडची लाइन तुटली असं समजा. i₁ शून्य झाला, सगळे २० अँपिअर लोडमधून गेले, आणि V झालं ९५० व्होल्ट. खरा इन्व्हर्टर इथवर येतच नाही. ग्रीड गेल्याचं ओळखून तो बंद होतो. त्या क्षणी तो करंट सोर्स राहत नाही. पण करंट सोर्सवरचं व्होल्टेज बाकीचं सर्किट ठरवतं, हे मुलांना पटवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

नोडल मी टाकून दिलेलं नाही. इथे फक्त V हवा असेल तर नोडलच्या एका समीकरणात तो मिळतो, आणि तिथे माझा सल्ला आजही तोच आहे. सोर्स एकाच मेशच्या बाहेरच्या कडेला असेल तर सुपरमेश लागतही नाही, कारण त्या मेशचा करंट थेट कळलेला असतो. बदलला आहे तो माझा शिकवण्याचा क्रम. आता मी सुपरमेशचं नाव आधी घेत नाही. V लिहायला लावतो, दोन्ही केव्हीएल लिहून घेतो, बेरीज करायला सांगतो. V उडाला की मुलंच विचारतात, ही बेरीज सुरुवातीलाच का नाही लिहिली? मग नाव सांगतो. ज्याने ती बेरीज स्वतः केली आहे, त्याला नियम पाठ करावा लागत नाही, आणि चिन्ह चुकलं तर ते कुठे शोधायचं हेही त्याला कळतं.