खाडाखोड

प्रिय मित्रा,
सप्रेम जयजिनेंद्र.

क्षमावाणीच्या दिवशी तुला सर्वांबरोबर ठरावीक संदेश पाठवला. पण ज्या क्षमेत चूक सांगितलेली नाही, ती क्षमा मागितली असे मी मानत नाही. म्हणून हे पत्र.

रामटेकच्या सहलीच्या हिशेबावरून व्हॉट्सअॅप गटात जो वाद पेटला, तो मी अॅडमिन या नात्याने सगळाच पुसला. कारण विचारणाऱ्यांना मी सांगितले, ‘उद्या काही झाले तर जबाबदारी अॅडमिनवर येते.’ हे खरे कारण नव्हते. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात आपल्याच नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये निर्णय दिला आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. हे मी वाचले होते. तरीही कायद्याची ढाल पुढे केली.

खरे कारण असे की, त्या वादातील सर्वांत बोचरे वाक्य माझेच होते: ‘हिशेब जमत नसेल तर पैसे हाती घेऊ नयेत.’ ते एकटे पुसले असते तर सर्वांच्या लक्षात आले असते. म्हणून सगळ्यांचे पुसले आणि त्याला शांततेचे नाव दिले.

त्यात तुझे उत्तरही गेले. ४६ जणांचे प्रत्येकी ७०० प्रमाणे ३२,२०० रुपये जमले. बस आणि भोजनाचे २९,००० झाले. उरलेल्या ३,२०० पैकी १,७०० टोल, पार्किंग व चालकाच्या भत्त्याचे, आणि १,५०० तुझ्याकडे शिल्लक. हिशेब चोख होता. पण तू तो रात्री उशिरा टाकलास आणि सकाळी मी पुसलास. आरोप बहुतेकांनी वाचला होता, उत्तर थोड्यांनीच. वर तुझ्या नावाखाली ‘अॅडमिनने हा संदेश हटवला’ एवढीच ओळ उरली. जणू तूच काही अनुचित लिहिले होतेस!

मित्रा, बँकेत मी कनिष्ठांना हेच शिकवत असे की, चुकलेली नोंद खरवडायची नाही. आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. तुमच्या पेढीवरही खाडाखोड झालेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. चाळीस वर्षांची ही सवय मी एका सकाळी मोडली.

पुसलेले परत आणता येत नाही, उलट नोंद मात्र करता येते. आज गटात मी तुझा हिशेब आकड्यांसह पुन्हा दिला आहे. त्याखाली माझे ते वाक्य जसेच्या तसे लिहून ते चुकीचे होते असे नमूद केले आहे, आणि संदेश कोणत्या कारणाने पुसले तेही. अॅडमिनपद दुसऱ्याकडे सोपवले आहे.

तू लगेच क्षमा करावीस, अशी अपेक्षा नाही. गटात काही सांगायचे असेल तर सांग. या वेळी ते तिथेच राहील.

तुझा,
जुना मित्र