मावशींची मुलाखत

प्रबंधातलं एक प्रकरण शोधनिबंध म्हणून पाठवायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं दोन वीकेंडांत होईल. तुम्ही इकडे पीएच.डी. केली असेल, तर आत्ता हसला असाल.

प्रकरण गिरणगावातल्या खाणावळींवर. कोकणातून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालणाऱ्या बायका आणि पगाराच्या दिवशी चुकती होणारी उधारी. शब्द बावीस हजार. नियतकालिकाची मर्यादा नऊ हजार, तीही तळटीपा धरून.

आधी मी इथेतिथे वाक्यं छाटत बसले. आठवड्याने पाहिलं, तर जेमतेम हजार शब्द गेले होते आणि उरलेलं वाचवत नव्हतं. मग सगळं थांबवून प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते एकेका ओळीत कागदावर लिहिलं. तेव्हा कळलं, प्रकरणात दोन लेख दडलेत: एक उधारीचा, दुसरा बायकांच्या स्थलांतराचा. मी उधारी निवडली. खाणावळवाली नुसती स्वयंपाकीण नव्हती, कामगाराला महिनाभर पतपुरवठा करणारी होती, एवढंच म्हणायचं.

त्यानंतर कात्री सोपी झाली. पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा पाच हजार शब्दांचा होता. आपण सगळं वाचलंय हे परीक्षकांना दाखवायला तो लिहिला होता. ज्यांच्याशी माझा प्रत्यक्ष वाद आहे तेवढेच अभ्यासक ठेवले, सहाशे शब्दांत. प्रबंधात कागदपत्रं एका भागात आणि मुलाखती दुसऱ्यात होत्या, त्यामुळे पगाराची तारीख दोनदा समजावली होती. ते भाग एकत्र केले: वहीतली उधारी आणि तिच्याबद्दल बाई काय म्हणाली, शेजारीशेजारी. शेवटी फाइलमध्ये ‘मागील प्रकरणात’ हे शब्द शोधले. सतरा ठिकाणी सापडले. लेख वाचणाऱ्याकडे मागचं प्रकरण नसतं. बहुतेक ठिकाणी एक वाक्य घालून भागलं. दोन ठिकाणी मात्र पुरावाच तिकडे राहिला होता, तो उचलून आणावा लागला.

एक गोष्ट मात्र महिनाभर अडली. अकरा मुलाखतींपैकी उधारीबद्दल नीट बोलल्या चौघीच. लालबागच्या मावशी त्यांत नव्हत्या. १९८२ च्या संपात गावी परतलेल्या माणसांबद्दल त्या तासभर बोलल्या होत्या, माझा हात धरून. प्रबंधातली सगळ्यात चांगली तीन पानं त्यांची. लेखात मी ती तीनदा घातली, तीनदा काढली. ठेवली की मधेच विषय फिरायचा, आणि समीक्षक नेमका तिथेच बोट ठेवणार. चारच मुलाखतींवरून सगळ्या गिरणगावाबद्दल बोलता येणार नाही, हेही लेखात स्पष्ट लिहावं लागलं.

लेख स्वीकारल्याचं कळलं, तेव्हा मावशींना फोन केला.

“माझा बोलणा आला काय गो त्यात?”

“यात नाही मावशी. दुसऱ्यात घेणार आहे.”

“बरा,” म्हणाल्या, आणि जेवलीस का विचारलं.

स्थलांतराच्या लेखाची फाइल त्याच रात्री उघडली. पहिला परिच्छेद त्यांचाच आहे.